एकच लेखी बातमी, बोलायला लहान आणि मोठी: कट पॉइंट ठेवून स्क्रिप्ट लिहिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कम्युनिटी रेडिओवर, महाविद्यालयांच्या पत्रकारिता विभागांत आणि घरच्या घरी पॉडकास्ट करणाऱ्यांपुढे एक काम नेहमी येतं. लेखी बातमी एकच असते, पण ती कधी अर्ध्या मिनिटात, कधी मिनिटभरात, तर कधी तीन मिनिटांत बोलायची असते. त्याबद्दल येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे, समृद्धी महामार्गाचं. त्यात नावं लांब आहेत, तारखा चार आहेत, अंतरं पाच आहेत आणि घाईत कापताना बिघडण्यासारखं बरंच काही आहे.

कट पॉइंट म्हणजे नेमकं काय? वाक्य जिथे संपतं ती प्रत्येक जागा कट पॉइंट नाही का?

नाही. वाचणारा जिथे थांबला तरी ऐकणाऱ्याला काही अर्धवट राहिल्यासारखं वाटत नाही, ती जागा म्हणजे कट पॉइंट. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, कापाच्या आधी असं काहीही नको ज्याचा खुलासा कापानंतर येणार आहे. दुसरी, कापानंतरच्या भागात असं काहीही नको ज्याचा अर्थ आधीच्या वगळलेल्या भागावाचून लागणार नाही.

पहिली अट बहुतेकांच्या लक्षात येते, दुसरी सुटते. ‘मागून कापायचं’ एवढंच डोक्यात असलं की मधला भागही गाळावा लागू शकतो याचा विसर पडतो. आमचा सल्ला असा की स्क्रिप्टचे तुकडे पाडावेत. पहिला तुकडा कायम राहील आणि बाकीच्यांपैकी कोणताही काढता किंवा ठेवता येईल, असे ते असावेत. मागून कापण्याची सोय त्यातच आपोआप होते.

आधी मोठी आवृत्ती लिहून ती छोटी करावी, की छोटी लिहून वाढवावी?

छोटी आधी. मोठी लिहून कापायला बसलं की हाताशी आलेली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि मग शब्द कमी करण्यासाठी वाक्यांतलेच शब्द काढले जातात. अशी वाक्यं कानाला आखडलेली लागतात. अर्ध्या मिनिटाचा गाभा आधी पक्का केला की पुढचा प्रत्येक तुकडा त्यात एकेक गोष्ट घालतो आणि गाभ्याला हात लावावा लागत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

लेखी बातमीतलं हे वाक्य पाहा:

> हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी ते आमणे या ७६ किमी लांबीच्या अखेरच्या टप्प्याचे लोकार्पण ५ जून २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाल्याने, ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी (५२० किमी), २६ मे २०२३ रोजी शिर्डी–भरवीर (८० किमी) आणि ४ मार्च २०२४ रोजी भरवीर–इगतपुरी (२५ किमी) असा टप्प्याटप्प्याने सुरू झालेला, १० जिल्ह्यांतून जाणारा हा ७०१ किमीचा महामार्ग वाहतुकीसाठी पूर्णतः खुला झाला आहे.

कागदावर हे चालतं, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कानाला ती सोय नसते. ‘खुला झाला आहे’ ही मुख्य बातमी अगदी शेवटी आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत ऐकणारा तारखांत हरवलेला असतो. शिवाय या वाक्यात कापायला एकही जागा नाही. क्रियापद शेवटी असल्यामुळे मधे कुठेही थांबलं तरी वाक्य लोंबकळतं.

त्याची बोलायची स्क्रिप्ट अशी होते. आकडे मुद्दाम अक्षरांत लिहिले आहेत, त्याचं कारण पुढे पाहा.

> तुकडा अ (कायम)
> नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग आता थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत खुला आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा पाच जून दोन हजार पंचवीसला सुरू झाला. नागपूर ते आमणे हे अंतर सातशे एक किलोमीटर आहे. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना आता इगतपुरीला महामार्ग सोडावा लागत नाही.
> ॥ ४२ शब्द, २५ सेकंद
>
> तुकडा आ
> समृद्धी महामार्ग चार टप्प्यांत खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा सर्वांत लांब, पाचशे वीस किलोमीटरचा टप्पा अकरा डिसेंबर दोन हजार बावीसला सुरू झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात रस्ता भरवीरपर्यंत पोहोचला आणि दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये इगतपुरीपर्यंत.
> ॥ ३६ शब्द, २२ सेकंद
>
> तुकडा इ
> इगतपुरी ते आमणे हा शहात्तर किलोमीटरचा भाग सह्याद्रीच्या डोंगरातून जातो. इगतपुरीजवळचा जुळा बोगदा जवळपास आठ किलोमीटर लांब आहे. या बोगद्यामुळे गाड्यांना कसारा घाटातून जावं लागत नाही.
> ॥ २६ शब्द, १६ सेकंद
>
> तुकडा ई
> समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. त्यांपैकी पाच जिल्हे विदर्भातले आहेत: नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम आणि बुलढाणा.
> ॥ १६ शब्द, १० सेकंद
>
> तुकडा उ
> महामार्ग बांधणाऱ्या महामंडळाच्या म्हणण्यानुसार, कारने नागपूर ते मुंबई हा प्रवास साधारण आठ तासांत होतो. मालवाहू गाड्यांची वेगमर्यादा ताशी ऐंशी किलोमीटर आहे, त्यामुळे त्यांना जास्त वेळ लागतो.
> ॥ २६ शब्द, १६ सेकंद

हे पाचही तुकडे मिळून १४६ शब्द होतात. मिनिटाला १०० शब्द धरले तर जवळपास ८८ सेकंद. नुसता ‘अ’ २५ सेकंदांचा, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जागेत सही करायला, म्हणजे शेवटी आपलं नाव सांगून निरोप घ्यायला, वाव ठेवून बसतो. ‘अ’, ‘आ’ आणि ‘इ’ मिळून १०४ शब्द, जवळपास ६२ सेकंद. नागपूरच्या श्रोत्यांसाठी जागा कमी असेल तर ‘अ’ नंतर सरळ ‘ई’ घ्या: ३५ सेकंदांत विदर्भाची बाबही येते.

आकडे अक्षरांत का लिहायचे?

दोन कारणांनी. ‘११ डिसेंबर २०२२’ हे कागदावर तीन शब्द दिसतात, बोलताना ते ‘अकरा डिसेंबर दोन हजार बावीस’ असे पाच होतात. बातमीत अशा चार तारखा असल्या आणि शब्द मोजणाऱ्याने कागदावरचे मोजले, तर हिशोबात आठ शब्द, म्हणजे जवळपास पाच सेकंद कमी धरले जातात. अर्ध्या मिनिटाच्या बातमीत पाच सेकंद ही मोठी चूक आहे.

दुसरं कारण वाचणाऱ्याचं. ७६ हा आकडा समोर आला की ‘शहात्तर’ म्हणायचं की ‘सत्तर आणि सहा’ जुळवायचं, यात क्षणभर अडखळायला होतं. ५९, ६९, ७९ या आकड्यांवर तर भल्याभल्यांची जीभ अडते. अक्षरांत लिहिलं की तो प्रश्नच उरत नाही. तपासणाऱ्यासाठी मूळ अंक कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे लेखी बातमीशी ताळा करणं सोपं जातं.

मिनिटाला १०० शब्द हा आकडा सगळ्यांना लागू होतो का?

नाही. तो इथल्या हिशोबापुरता घेतला आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘जिल्ह्यांतल्यांपैकी’ हा एक शब्द आणि ‘ते’ हाही एकच शब्द. शब्दांची लांबी इतकी वेगळी असते की प्रत्येकाने आपला वेग स्वतः काढलेला बरा.

पद्धत अशी: ज्या प्रकारचा मजकूर तुम्ही नेहमी वाचता, तसाच ३०० बोली शब्दांचा मजकूर घ्या. बुलेटिनला वाचता तसा, उभं राहून किंवा बसून, नेहमीच्या जागी वाचा आणि घड्याळ लावा. ३०० शब्दांना समजा २ मिनिटं ४० सेकंद लागले, तर तुमचा वेग मिनिटाला साधारण ११२ आहे. हे वेगवेगळ्या दिवशी दोनदा करा. दोन्ही वेळा वेग पाच-सात शब्दांच्या आत जुळला, तर तो धरून चाला. मनात वाचून मोजू नका. मनातलं वाचन नेहमी भराभर होतं आणि त्यातून आलेले सेकंद खोटे असतात.

कापल्यावर बातमी बिघडली हे कसं ओळखायचं? नेमकं काय बिघडतं?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

तुकड्याच्या सुरुवातीचा शब्द पाहा. ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘दरम्यान’, ‘याशिवाय’, ‘तसंच’, ‘हा’, ‘त्यांनी’, ‘तिथे’ यांपैकी कशानेही तुकडा सुरू होत असेल तर तो मागच्या तुकड्याला बांधलेला आहे. ‘आ’ची सुरुवात ‘हा मार्ग चार टप्प्यांत खुला झाला’ अशी केली असती, तर ‘अ’ नंतर लगेच तो वाचताना ठीक वाटलं असतं. पण ‘इ’ आधी घेऊन मग ‘आ’ वाचला की ‘हा मार्ग’ म्हणजे बोगद्यातला रस्ता की अख्खा महामार्ग, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या वाक्यात नाव पुन्हा घ्या. कागदावर ही पुनरुक्ती खटकते, पण कानाला ती मदतच करते. तुकड्याच्या आत मात्र ‘पुढच्या वर्षी’, ‘त्यांपैकी’, ‘या बोगद्यामुळे’ खुशाल वापरा, कारण तुकडा मधे कापायचा नाही.

नावाची पहिली ओळख कोणत्या तुकड्यात आहे, तेही बघा. समजा ‘मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस’ हे ‘आ’ मध्ये आलं आणि ‘उ’ मध्ये नुसतं ‘फडणवीस यांनी’. ‘आ’ गेला की ‘उ’ मध्ये आडनाव एकदम टपकतं. उपाय साधा आहे: प्रत्येक तुकड्यात पद आणि नाव पूर्ण द्या, किंवा ते नाव एकाच तुकड्यात ठेवा.

आता मराठीत खास होणारी चूक. आपण ‘असं महामंडळाने म्हटलं आहे’, ‘असा अंदाज आहे’ हे वाक्याच्या शेवटी घालतो. लेखी मराठीत ती सवयच आहे. ‘कारने नागपूर ते मुंबई प्रवास आठ तासांत होतो, असं महामंडळाचं म्हणणं आहे’ या वाक्यात एडिटिंग करताना स्वल्पविरामाजवळ काप पडला, तर महामंडळाचा दावा तुमचं ठाम विधान होऊन बसतो. म्हणून ‘उ’ मध्ये ‘महामंडळाच्या म्हणण्यानुसार’ सुरुवातीला आलं आहे. पुढे काहीही कापलं तरी तो दावा कुणाचा, हे वाक्यातच राहतं.

तसंच दाव्याला जोडलेली मर्यादा त्याच तुकड्यात हवी. ७०१ किलोमीटर ताशी ८० च्या वेगाने न थांबता कापायचे म्हटले तरी पावणेनऊ तास होतात, आणि तेही आमणेपर्यंतच. म्हणजे आठ तास ट्रकचालकाला लागू नाहीत. मालवाहू गाड्यांचं वाक्य वेगळ्या तुकड्यात टाकलं असतं तर घाईत ते नक्की गळलं असतं, आणि कापल्यामुळे बातमी चुकीची झाली असती. ज्या दोन वाक्यांना एकमेकांशिवाय सोडता येत नाही ती एका तुकड्यात, हा नियम इथे मोडू नका.

शेवटी ‘नाही’. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘अ’ चा शेवट ऐका: ‘महामार्ग सोडावा लागत नाही.’ आवाज कापताना किंवा शेवट हळूहळू बारीक करताना ‘नाही’ दबलं तर ऐकू येतं, ‘महामार्ग सोडावा लागत…’, आणि ऐकणारा मनात ‘आहे’ जोडतो. अर्थ उलटा. ‘इ’ चा शेवटही असाच आहे. अशा वाक्यांवर संपणाऱ्या तुकड्यांचा शेवट हेडफोन लावून वेगळा तपासा.

तुकडे पाडल्यावर ते खरंच सुटे आहेत का, हे तपासायची पद्धत काय?

मोठ्याने वाचा: अ. मग अ-आ. अ-इ. अ-ई. अ-उ. म्हणजे गाभ्याला प्रत्येक तुकडा एकेकदा जोडून. मग एकदा सगळे उलट्या क्रमाने: अ-उ-ई-इ-आ. कुठेही ‘कोणता?’, ‘कोण?’, ‘कधी?’ असा प्रश्न पडला की तो तुकडा दुरुस्त करा.

स्वतःच तपासताना एक अडचण येते. तुम्हाला सगळी बातमी माहीत असते, त्यामुळे गाळलेली माहिती मन आपोआप भरून काढतं. ज्याने बातमी वाचली नाही अशा एखाद्याला अ-इ ऐकवा आणि ‘कोणता रस्ता, कुठून कुठे, काय झालं’ एवढंच विचारा.

नेत्याचं नाव आणि महामार्गाचं पूर्ण नाव कुठे गेलं?

‘अ’ मध्ये ती नाहीत, ती मुद्दाम गाळली. २५ सेकंदांत ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग’ या नावालाच सहा शब्द लागतात. श्रोते ज्या नावाने रस्ता ओळखतात ते ‘समृद्धी’. पूर्ण नाव मोठ्या आवृत्तीत एकदा, स्वतंत्र वाक्यात घ्या: ‘महामार्गाचं अधिकृत नाव हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग असं आहे.’ तेच लोकार्पणाचं. ‘शेवटच्या टप्प्याचं लोकार्पण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं’ हे वाक्य ‘आ’ च्या शेवटी बसतं.

संस्थेने छोट्या आवृत्तीतही नाव हवं असा आग्रह धरला तर ते ‘अ’ च्या दुसऱ्या वाक्यात कोंबू नका. चौथं वाक्य काढून त्याच्या जागी नावाचं वाक्य घ्या. आमच्या मते श्रोत्याच्या कामाचं चौथंच वाक्य आहे, पण जागा करायचीच असेल तर पूर्ण वाक्याच्या बदल्यात पूर्ण वाक्य, असाच व्यवहार करावा.

तुकड्यांचा क्रम कसा ठरवायचा?

जो तुकडा सगळ्यांत आधी कापला जाईल तो सगळ्यांत शेवटी. इतका साधा नियम. श्रोते विदर्भातले असतील तर ‘ई’ वर घ्या, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी कार्यक्रम असेल तर ‘उ’. तुकडे सुटे असल्यामुळे क्रम बदलायला एक शब्दही बदलावा लागत नाही.

दोन-तीन मिनिटांची आवृत्ती नुसते तुकडे जोडून होते का?

नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. ८८ सेकंदांच्या पाच तुकड्यांपुढे आणखी तुकडे जोडत गेलं की ती यादी होते. मोठ्या आवृत्तीत दुसऱ्यांचे आवाज हवेत. शिवमडक्याजवळ महामार्गाच्या सुरुवातीला ट्रकचालकाशी बोललात, तर त्यातला २५ ते ३० सेकंदांचा एक बाइट आणि दुसरा आणखी एखाद्या प्रवाशाचा, पुरे.

हिशोब असा मांडा. सुरुवातीला १२ सेकंदांचं इंट्रो, पाच तुकडे ८८, बाइट ३० आणि २५, प्रत्येक बाइटच्या आधी ओळख करून देणारं एकेक वाक्य मिळून १२, शेवटची सही ३. एकूण १७०, म्हणजे दोन मिनिटं पन्नास सेकंद. तीन मिनिटांच्या जागेत दहा सेकंदांचा श्वास राहतो.

बाइट आणि त्याच्या ओळखीचं वाक्य मिळून एकच तुकडा समजा. बाइट काढला आणि ‘ट्रकचालकांना काय वाटतं, ऐकूया’ हे वाक्य मागे राहिलं, असं प्रसारणात वरचेवर होतं. बाइटच्या शेवटचे चार शब्द स्क्रिप्टवर जसेच्या तसे लिहून ठेवा. तोच आउट क्यू, त्यावरून वाचणाऱ्याला कुठे उचलायचं ते कळतं.

इंट्रो मात्र वेगळ्या कागदावर. ‘आज’, ‘काल’, ‘नुकताच’ हे शब्द फक्त तिथेच येऊ द्या. तुकड्यांत तारखा दिल्या की तेच रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात नव्या इंट्रोसह वापरता येतं.

लाइव्ह वाचताना थांबायचं कुठे, हे कसं ठरवायचं?

कट पॉइंटवर पोहोचल्यावरच घड्याळाकडे पाहा. राहिलेल्या वेळात पुढचा तुकडा आणि सही बसत असेल तर वाचा, नसेल तर सरळ सही. तुकड्याच्या मधे निर्णय घेऊ नका, आणि निर्मात्यानेही ‘आवरा’ अशी खूण तुकड्याच्या मधे केली तरी तो तुकडा पूर्ण करूनच थांबायचं, हे आधी बोलून ठेवा. सर्वांत लांब पर्यायी तुकडा २२ सेकंदांचा आहे, म्हणजे निर्मात्याने खूण तेवढी आधी द्यायची. यासाठीच ३० सेकंदांहून मोठा तुकडा करू नये.

कागदाची मांडणी: अक्षर १६ पॉइंटचं, ओळींत अंतर, प्रत्येक तुकडा वेगळ्या पानावर, कागदाची एकच बाजू. तुकडा दोन पानांवर तुटू देऊ नका. सेकंद प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीलाही लिहा. शेवटी लिहिले तर ते वाचून झाल्यावर दिसतात, तेव्हा त्यांचा उपयोग संपलेला असतो.

रेकॉर्ड करून मग कापायचं असेल तर वाचताना काय पाळावं?

प्रत्येक तुकड्याचं शेवटचं वाक्य बातमी संपल्यासारखं खाली आणून वाचा. पुढे आणखी आहे अशा चढ्या सुरात वाचलं, तर तिथे कापल्यावर वाचणाऱ्याचं तोंड कुणी दाबलं की काय असं वाटतं. सूर दुरुस्त करणारं कोणतंही बटण एडिटिंगमध्ये नाही, पुन्हा रेकॉर्डच करावं लागतं. ‘ई’ मध्ये जिल्ह्यांची नावं आहेत, तिथे हे जास्त सांभाळा: ‘वाशिम’ला सूर वर, ‘बुलढाणा’ला खाली.

दोन तुकड्यांमध्ये पूर्ण एक सेकंद गप्प राहा. श्वास त्या सेकंदाच्या शेवटी घ्या, म्हणजे काप श्वासाच्या आधी घालता येतो. सुरुवातीला दहा सेकंद खोलीची नुसती शांतताही रेकॉर्ड करा. दोन तुकडे जवळ आणताना मधे तीच भरायची. तिथे कोरी, डिजिटल शांतता घातली तर ती खड्ड्यासारखी ऐकू येते.

नागपूरच्या मे महिन्यात खरी अडचण कूलरची. पहिल्या तुकड्याला कूलर चालू आणि तिसऱ्याला बंद असेल, तर ‘अ’ ला ‘इ’ जोडताच मागचा घरघराट मधेच तुटतो. पंखा, कूलर, एसी जे काही असेल ते सगळ्या तुकड्यांसाठी एकसारखं ठेवा. शक्य असेल तर बंद. खोली आधी थंड करून घ्या आणि सगळे तुकडे एका बैठकीत उरका.

ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कट पॉइंट कसे नोंदवायचे?

रेकॉर्डिंग चालवा आणि प्रत्येक तुकडा संपला की `Ctrl+M` दाबा. चालू जागी लेबल पडतं. त्यात ‘अ शेवट’, ‘आ शेवट’ असं लिहा. थांबलेल्या रेकॉर्डिंगमध्ये निवडलेल्या जागी लेबल हवं असेल तर `Ctrl+B`. मॅक वापरणाऱ्यांनी `Ctrl+M` ऐवजी `Cmd+.` आणि `Ctrl+B` ऐवजी `Cmd+B` वापरावं. कापायची जागा निवडल्यावर `Z` दाबलं की निवडीच्या कडा ध्वनीलहर शून्यातून जाते तिथे सरकतात, आणि जोडावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. लेबल तुकड्याच्या शेवटच्या अक्षराला चिकटवू नका, ते शांततेच्या सेकंदात पडू द्या. ‘नाही’चा शेवटचा ‘ही’ याच जागी उडतो.

दहा सेकंदांची हेडलाइन ‘अ’ मधून कापावी का?

नाही, ती वेगळी लिहा: ‘समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे पूर्ण खुला.’ सात शब्द, चार सेकंद. ‘अ’ चं पहिलं वाक्यच हेडलाइन म्हणून वापरलं तर बातमी सुरू होताच श्रोत्याला तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकावं लागतं.

बोली नागपुरी वापरायची का?

स्क्रिप्टमध्ये ‘झाले’ ऐवजी ‘झालं’, ‘जावे’ ऐवजी ‘जावं’ एवढं बोलीकरण हवंच. ‘काम सुरू करून राहिले’ अशी आपली वळणं बाइटमध्ये येतील, ती तशीच ठेवा, त्यांना हात लावू नका. बातमी वाचणाऱ्याने ती ओढूनताणून आणली तर वाचन नाटकी होतं.

आकडा बदलला तर किती ठिकाणी दुरुस्ती करायची?

एकाच ठिकाणी. छोटी, मधली आणि मोठी अशा तीन वेगळ्या फाइल ठेवल्या की कधीतरी एकीत ७०१ राहतं आणि दुसरीत भलतंच. मूळ फाइल एकच, तुकडे त्यातच, आणि छोटी आवृत्ती म्हणजे त्याच फाइलची पानं बाजूला काढणं. दुरुस्ती झाली की फाइलच्या नावात तारीख घाला आणि छापलेले जुने कागद स्टुडिओतून उचला. रेकॉर्डिंग असेल तर फक्त तो तुकडा पुन्हा वाचा, पण त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून, आणि आधीचा तुकडा एकदा हेडफोनवर ऐकून, म्हणजे सूर जुळतो.